रफ कट रिव्ह्यू लिंकवर कसा द्यायचा, म्हणजे क्लायंट खरंच तिथेच कमेंट करेल

प्रश्न: मी फ्रीलान्स एडिटर आहे, जास्त करून कंपन्यांच्या फिल्म करतो. रफ कट व्हॉट्सॲपवर टाकला की ग्रुपवर मेसेजचा पाऊस, व्हॉइस नोट, कोण कुठल्या शॉटबद्दल बोलतंय तेच कळत नाही. सगळे म्हणतात रिव्ह्यू लिंक दे. एकदा दिली, तर क्लायंटने लिंकवर फिल्म बघितली आणि परत व्हॉट्सॲपवरच लिहिलं. हे नीट कसं करायचं?

उत्तर:

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण माझ्याकडे पण पहिल्या चार-पाच वेळा हेच झालं होतं. क्लायंट व्हॉट्सॲपवर परत जातो तो हट्टाने नाही. त्याने लिंक उघडली, फिल्म बघितली, कमेंट कुठे लिहायची ते दिसलं नाही किंवा अकाउंट काढायला सांगतंय असं वाटलं, की तो लगेच जिथे सवय आहे तिथे जातो. म्हणून लिंक स्वतः एकदा परक्या माणसासारखी उघडून बघायची. मोबाईलवर, इनकॉग्निटो विंडोत, आपल्या अकाउंटमधून लॉगआउट होऊन. तिथे स्वतः एक कमेंट टाकून बघा. अर्ध्या वेळा लक्षात येतं की कमेंटचं सेटिंगच बंद राहिलंय, किंवा आपण टीममेटसाठीचं आमंत्रण पाठवलंय जे लॉगिन मागतं. मी Frame.io वापरतो (२०२१ मध्ये ॲडोबीने घेतलं ते, आता क्रिएटिव्ह क्लाउडसोबतच मिळतं म्हणून), त्यात पब्लिक लिंक दिली तर समोरच्याला अकाउंट लागत नाही, नाव आणि ईमेल टाकलं की कमेंट करता येते. दुसरं टूल असेल तरी हेच तपासायचं: अकाउंटशिवाय कमेंट जाते का.

दुसरं सेटिंग म्हणजे डाउनलोड. ते बंद ठेवा. चोरीच्या भीतीने म्हणत नाहीये, स्क्रीन रेकॉर्ड करणारा करतोच. पण डाउनलोड चालू असलं की मार्केटिंगच्या मॅडम फाईल उतरवतात, साहेबांना व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करतात, साहेब ती दाबून बारीक झालेली फाईल बघून "क्वालिटी अशी का आलीय" म्हणतात आणि झालं, धागा परत तिकडे गेला.

आता एक्स्पोर्ट. रफ कटला उगाच मोठी फाईल देऊ नका. मी १०८०p, H.264, ८ एमबीपीएस देतो. ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला एक मेगाबाइट, हिशोब सोपा, ५ मिनिटं ४० सेकंदांची फिल्म म्हणजे साधारण ३४० एमबी. साइट तशीही त्याच्या छोट्या कॉपी बनवूनच दाखवते. हो, त्यावरून आठवलं, प्लेअरमध्ये क्वालिटी ऑटोवर असते, प्रवासात मोबाईल डेटावर बघणाऱ्याला ती खाली आलेली दिसते आणि मग "व्हिडिओ ब्लर आहे" अशी कमेंट येते. अशी कमेंट आली की टाइमलाइनवर फोकस शोधत बसायच्या आधी विचारा, कशावर बघितलं सर?

फिल्मच्या सुरुवातीला स्लेट किंवा काळा लीडर लावू नका. पाच सेकंदांची पाटी लावली की क्लायंटची प्रत्येक कमेंट तुमच्या टाइमलाइनच्या पाच सेकंद पुढे बोलते. "रफ कट, म्युझिक तात्पुरतं, कलर बाकी" ही सूचना द्यायचीच आहे, पण ती वरच्या कोपऱ्यात छोट्या अक्षरात पूर्ण फिल्मभर ठेवा. ती नसेल तर पहिल्या दहा कमेंटमध्ये तीन कलरच्या असतात, आणि क्लायंटचं तरी काय चुकलं, त्याला आपण सांगितलंच नव्हतं.

त्याच्याखाली टाइमकोड बर्न-इन करा. प्लेअरमध्ये वेळ दिसतेच, मग हे कशाला असं वाटेल, पण कोणीतरी एकजण स्क्रीनशॉट काढून पाठवणारच, ते थांबत नाही. स्क्रीनशॉटवरच टाइमकोड असला की विचारायला लागत नाही कुठला शॉट. प्रीमिअरमध्ये एक्स्पोर्टच्या वेळी Timecode Overlay म्हणून इफेक्ट आहे, रिझॉल्व्हमध्ये Workspace मेनूत Data Burn-In. रिझॉल्व्हवाल्यांनी एक बघायचं, तिथली टाइमलाइन सरळ सेट केली नाही तर `01:00:00:00` पासून सुरू होते, टीव्हीच्या पद्धतीने. माझ्या एका क्लायंटने फोन करून विचारलं होतं की सहा मिनिटांची फिल्म सांगितली होती, तुमच्याकडे तर एक तास बावीस सेकंद दिसतंय. हसू आलं, पण खरा त्रास वेगळा आहे: प्लेअर ०:२२ म्हणतोय आणि चित्रावर एक तास लिहिलंय, मग लोक कधी हे लिहितात कधी ते. मीडिया पूलमध्ये टाइमलाइनवर राइट क्लिक करून Starting Timecode शून्य करा, मग एक्स्पोर्ट.

आता एक केस सांगतो, म्हणजे पुढचा भाग कळेल, कारण लिंक पाठवण्यापेक्षा कमेंट आल्यावर काय करायचं तिथे जास्त लोक पडतात, मी पण पडलोय.

चाकणची एक ऑटो पार्ट बनवणारी कंपनी, त्यांची फिल्म, वर सांगितली तीच ५:४० ची. २५ फ्रेमवर. बघणारे चौघे: मार्केटिंगच्या मॅडम, प्लांट हेड, सेफ्टी ऑफिसर आणि एमडी साहेब. लिंकवर एकूण तीसेक कमेंट आल्या, त्यातल्या चार इथे पुरेत. ०:४८ वर मॅडम, "गेटचा ड्रोन शॉट लांब आहे, ६ सेकंद कमी करा". १:३५ वर प्लांट हेड, "रोबोटिक वेल्डिंग अजून दाखवा, ४ सेकंद तरी". २:१५ वर मॅडम, "नावाच्या पट्टीत स्पेलिंग चूक". ३:०२ वर सेफ्टी ऑफिसर, "या कामगाराला हेल्मेट नाही, काढा". कारखान्याच्या फिल्ममध्ये ही शेवटची कमेंट सगळ्यात वजनदार, ती राहिली तर फिल्म अडकते.

मी काय केलं, वरून खाली काम सुरू केलं. ०:४८ चे सहा सेकंद कापले, रिपल डिलीट. आता पुढचं सगळं सहा सेकंद अलीकडे आलं. १:३५ म्हणजे आता १:२९, तिथे चार सेकंदांचं वेल्डिंग घातलं. मग पट्टीचं स्पेलिंग, ते काही चुकण्यासारखं नव्हतं, पट्टी दिसतेच. आणि मग ३:०२ वर गेलो. पण सहा कापून चार वाढवले, म्हणजे मूळचं ३:०२ आता ३:०० वर होतं. तिथे फटाफट शॉट होते, सेकंद-सव्वा सेकंदाचे, सगळे निळ्या युनिफॉर्ममधले कामगार. ३:०२ वर जो कामगार होता त्याला मी उडवला, हेल्मेट घातलेला बिचारा, आणि बिनहेल्मेटवाला जागेवर राहिला. घाईत होतो, चेहरा न बघता आकडा बघून कापला. V2 गेल्यावर सेफ्टी ऑफिसरने सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये विचारलं की सांगितलेलं वाचता की नाही.

टाइमस्टॅम्पची गंमत हीच आहे, तो फक्त त्या व्हर्जनपुरता खरा असतो. पहिली कात्री लागली की पुढचे सगळे आकडे खोटे होतात, दोन सेकंदांनीच होतात म्हणून तर लक्षात येत नाही.

यावर तीन इलाज आहेत. सगळ्यात साधा म्हणजे शेवटून सुरुवातीकडे काम करायचं. शेवटची कमेंट आधी, मग त्याच्या आधीची. शेवटाकडचं कापलं तरी त्याच्या आधीच्या वेळा हलत नाहीत. कागदावर प्रिंट काढून काम करणाऱ्याला पण हे जमतं, काही सॉफ्टवेअर लागत नाही. दुसरा, कमेंट टाइमलाइनवर मार्कर म्हणून आणायच्या. प्रीमिअरमध्ये Window मेनूत Frame.io चं पॅनल आहे, रिझॉल्व्हच्या स्टुडिओ व्हर्जनमध्ये पण जोडणी आहे, कमेंट मार्कर बनून येतात. पण इथेच लोक फसतात: मार्कर आणले म्हणजे ते क्लिपसोबत सरकतीलच असं नाही. प्रीमिअरमध्ये Markers मेनूत Ripple Sequence Markers वर टिक लागते, रिझॉल्व्हमध्ये Timeline मेनूत Ripple Timeline Markers. ती टिक आहे का हे एक फालतू कट मारून, मार्कर सरकला का बघून, अंडू करून मगच सुरू करायचं. तिसरा इलाज मी आता कायम करतो, V1 ची सिक्वेन्स डुप्लिकेट करून त्यावर V2 करायचं आणि V1 ला हात लावायचा नाही. शंका आली की V1 मध्ये ३:०२ वर जाऊन डोळ्यांनी बघायचं कोणता माणूस आहे.

आणि अजून एक, कमेंट जिथे टोचलेली असते तिथे चूक असतेच असं नाही. माणूस बघतो, मनात येतं, बॉक्सवर टॅप करतो, तेवढ्यात फिल्म दोन-तीन सेकंद पुढे गेलेली असते. २५ फ्रेमवर दोन सेकंद म्हणजे ५० फ्रेम, माँटाजमध्ये तेवढ्यात दोन शॉट निघून जातात. म्हणून "हा शॉट काढा" अशी मोघम कमेंट दिसली की मी काही करायच्या आधी तिथेच खाली रिप्लाय टाकतो, "निळी क्रेनवाला का, की त्यानंतरचा लेथचा?" क्लायंटला शिकवायचं एवढंच, आधी पॉज करा, बाणाच्या बटणाने मागे या, मग लिहा. चित्रावर गोल काढायची सोय असते ती पण दाखवा, ती लोकांना फार आवडते, बॅकग्राउंडला राहिलेली चहाची किटली गोल करून पाठवतात.

हे शिकवायला लांबलचक सूचना लिहू नका, कोणी वाचत नाही. मी एकदाच मोबाईलवर ३० सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलंय, लिंक उघडली, पॉज केलं, नाव टाकलं, कमेंट लिहिली, बास. ते लिंकसोबत जातं. आणि मेसेज साधारण असा असतो:

"नमस्कार मॅडम, फिल्मचा पहिला कट या लिंकवर आहे. म्युझिक आणि कलर अजून बाकी आहेत, त्यामुळे सध्या गोष्ट, क्रम, नावं आणि दाखवू नये असं काही आलंय का एवढंच बघा. पहिल्यांदा न थांबवता पूर्ण बघा, दुसऱ्यांदा थांबवत कमेंट लिहा. प्लांट हेड सर आणि सेफ्टीच्या सरांना पण हीच लिंक द्या. गुरुवारी संध्याकाळी ६ ला कमेंट बंद करून मी पुढच्या कटला बसतो. दोघांची मतं वेगळी असतील तर कोणाचं धरायचं ते तुम्ही तिथेच लिहा."

यातलं "पहिल्यांदा न थांबवता" हे वाक्य मी मुद्दाम घालतो. रिव्ह्यू लिंकचा एक तोटा आहे जो कोणी सांगत नाही. लोकांच्या हातात पॉजचं बटण आणि कमेंटचा बॉक्स दिला की ते फिल्म बघायची सोडून चुका वेचायला बसतात. तीस कमेंट येतात आणि त्यात एकही अशी नसते की मधला दीड मिनिट कंटाळवाणा झालाय. रफ कटला तर तीच माहिती सगळ्यात जास्त हवी असते, शॉट दोन फ्रेम लांब आहे की नाही ते फाईन कटला बघू की. म्हणून रचनेबद्दलचं मी लिंकवर मागतच नाही, १५ मिनिटांचा फोन करतो, विचारतो की एकदा बघून काय लक्षात राहिलं, कुठे मोबाईलकडे हात गेला. जे ठरेल ते फोन ठेवल्यावर स्वतःच ०:०० वर कमेंट म्हणून टाकतो, "फोनवर ठरलं: एक्स्पोर्टचा भाग ट्रेनिंगच्या आधी". म्हणजे ते पण नोंदीत येतं.

तसंच व्हॉट्सॲपवर आलेल्याचं. कितीही केलं तरी एमडी साहेब व्हॉइस नोटच पाठवणार, त्यांना "सर कृपया लिंकवर लिहा" म्हणणं मला तरी जमत नाही आणि त्याने काम पण मिळत नाही पुढचं. व्हॉइस नोट ऐकायची, कुठला शॉट ते ओळखून लिंकवर त्या जागी लिहायचं, "एमडी सर, व्हॉइस नोट: माझं बोलणं थोडं कमी करा, शेवटचं वाक्य ठेवा", आणि ग्रुपवर एक ओळ टाकायची, "सर, तुमचा मुद्दा लिंकवर नोंदवलाय". दोन-तीनदा असं झालं की मॅडम स्वतःच साहेबांचं ऐकून लिंकवर लिहायला लागतात. सगळं एका जागी आलं पाहिजे एवढंच आपलं काम, मग टाईप कोणी का करेना.

एकमेकांविरुद्धच्या कमेंट. त्या चाकणच्या फिल्ममध्येच ०:४८ वर मॅडम म्हणतायत ड्रोन कमी करा आणि खाली प्लांट हेड, "हा शॉट छान आहे, अजून ठेवा". व्हॉट्सॲपवर हे दोन मेसेज चाळीस मेसेजच्या अंतरावर असते आणि मला दिसलेही नसते, मी कोणाचं तरी एकाचं करून दुसऱ्याचा राग घेतला असता. लिंकवर दोन्ही एकाखाली एक दिसतात, दोघांनाही दिसतात. आपण न्यायाधीश व्हायचं नाही, मॅडमना टॅग करून विचारायचं "काय धरू?" आणि उत्तर येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

कमेंट बंद करायची वेळ खरंच पाळा. गुरुवारी ६ ला सेटिंगमध्ये जाऊन कमेंट बंद, लिंक बघायला चालू. नाहीतर तुम्ही V2 वर काम करताय आणि शुक्रवारी दुपारी कोणीतरी V1 वर पाच कमेंट टाकतो, ज्यातल्या तीन तुम्ही आधीच केल्यात. उशिरा आलेलं पुढच्या राउंडला. कोटेशनमध्ये दोन राउंड लिहिलेले असतील तर राउंड कुठे संपला हे दाखवायला ही तारीखच कामी येते.

V2 नवीन लिंक बनवून पाठवू नका, V1 च्या वरच व्हर्जन म्हणून चढवा, Frame.io मध्ये नवी फाईल जुनीवर ओढून सोडली की स्टॅक बनतो. लिंक तीच राहते, उघडली की नवा कट दिसतो. जुन्या कमेंट जुन्या व्हर्जनवरच राहतात, तेच बरोबर आहे. फाईलला नाव देताना "फायनल" शब्द टाळा, मी असं ठेवतो:

```
chakan_film_RC_v02_25fps.mp4
```

चढवायच्या आधी V1 च्या कमेंट एका बाजूला आणि V2 दुसऱ्या बाजूला ठेवून एकेक टिक करायची. जे केलं नाही त्याला रिप्लाय, का नाही केलं, "याचा दुसरा अँगल शूटमध्ये नाही" वगैरे. टिकही नाही आणि रिप्लायही नाही अशी एक जरी कमेंट राहिली तर क्लायंट पुढच्या राउंडला तीच आधी शोधतो, हा अनुभव आहे.

पैसे खर्च करायचे नसतील तर Frame.io च्या फ्री अकाउंटमध्ये २ जीबी जागा मिळते, वरच्या हिशोबाने ३४० एमबीच्या पाच व्हर्जन बसतात, एका वेळी एक काम असेल तर पुरतं. तेही नको तर यूट्यूबवर अनलिस्टेड टाका, कमेंटमध्ये `2:14` लिहिलं की त्यावर क्लिक होतं. पण कमेंट करायला लॉगिन लागतं, फ्रेम मिळत नाही, सेकंदच मिळतो, आणि नवीन कट त्याच लिंकवर बदलता येत नाही, प्रत्येक वेळी नवी लिंक. प्रायव्हेट ठेवलं तर कमेंटच बंद असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तात्पुरतं म्हणून ठीक आहे, तीन माणसांपेक्षा जास्त बघणारे असतील तर मी नाही जाणार त्या वाटेला.

आणि काम संपल्यावर जागा रिकामी करायला फाईल उडवायच्या आधी कमेंट CSV मध्ये उतरवून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण फाईलसोबत कमेंटही जातात. त्या चाकणच्या फिल्मचं, चार महिन्यांनी नवीन आलेल्या मार्केटिंग हेडने फोन केला, गेटचा ड्रोन शॉट एवढा तोकडा का ठेवलाय म्हणून. फाईल उघडली, ०:४८, नाव, तारीख, "काय धरू?" आणि त्याखाली मॅडमचं "कमीच करा". तेवढ्या चार ओळींचा स्क्रीनशॉट पाठवला.